सोसायटीची शीट, ड्राइव्हवरच्या तीन भूमिका आणि सर्वांसाठी उघडी लिंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेत अ, ब आणि क अशा तीन विंगा आणि एकूण ८४ सदनिका आहेत. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, मोबाइल क्रमांक, मेंटेनन्सची थकबाकी आणि वाहन क्रमांक हे सगळे गूगल ड्राइव्हवरच्या एकाच शीटमध्ये होते. एका रविवारी त्या शीटचा जो गोंधळ झाला, तो निस्तरताना सभासदांनी आणि समितीतल्या सहकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न पुढे दिले आहेत. उत्तरे गूगल ड्राइव्हपुरती आहेत. पडद्यावरची नावे इंग्रजी मांडणीत दिसतात तशीच ठेवली आहेत.

व्ह्यूअर, कमेंटर आणि एडिटर यांच्यात नेमका फरक काय?

व्ह्यूअर फाइल पाहू शकतो, तिच्यात काही बदलू शकत नाही. कमेंटर पाहू शकतो आणि टिप्पणी लिहू शकतो. फाइल डॉक्सची असेल तर तो मजकुरात दुरुस्ती सुचवूही शकतो, पण ती दुरुस्ती एडिटरने मान्य केल्याशिवाय मजकुरात जात नाही. शीटमध्ये मात्र अशा सुचवण्या नसतात, तिथे कमेंटरच्या हाती फक्त टिप्पणी असते. एडिटर मजकूर बदलतो, ओळी काढतो, जुन्या आवृत्त्या पाहतो आणि मालकाने अडवले नसेल तर इतरांना प्रवेशही देतो. हा शेवटचा अधिकार अनेकांच्या ध्यानात येत नाही. एखाद्याला एडिटर करणे म्हणजे त्याच्या हाती पेन देणे असे आपण समजतो, प्रत्यक्षात पेनाबरोबर दाराची चावीही दिली जाते. ती काढून घ्यायची असल्यास `Share` च्या खिडकीतल्या दातेरी चाकावर जाऊन `Editors can change permissions and share` या ओळीपुढची खूण काढावी.

व्ह्यूअर काही बदलू शकत नसेल, तर सर्वांना व्ह्यूअर करण्यात धोका कोणता?

व्ह्यूअर आपली फाइल बदलू शकत नाही, पण तिची प्रत काढू शकतो, आणि ती प्रत त्याच्या मालकीची असते. मूळ शीटमध्ये सर्व सोय तशीच ठेवलेली असेल तर `File` मधील `Make a copy` त्याच्यासाठी खुले असते. ८४ मोबाइल क्रमांक त्याच्या ड्राइव्हमध्ये गेले की पुढे आपण मूळ फाइल बंद केली, पुसली, काहीही केले तरी त्या प्रतीला धक्का लागत नाही.

त्याच दातेरी चाकाखाली व्ह्यूअर आणि कमेंटर यांच्यासाठी डाउनलोड, छपाई आणि प्रत बंद करण्याची खूणही आहे. ती जरूर वापरावी, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण जे पडद्यावर दिसते त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो आणि दुसऱ्या मोबाइलने फोटोही काढता येतो. ही खूण एडिटरला लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मोबाइल क्रमांकाचा रकाना आम्ही लपवून ठेवला आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. लपवलेला रकाना फाइलमध्येच असतो. व्ह्यूअरने प्रत काढली की तो त्या प्रतीचा मालक होतो आणि मालकाला लपवलेला रकाना उघडायला दोन क्लिक लागतात. संपूर्ण टॅब लपवली असली तरी तिची गत तीच. रकाना किंवा टॅब ‘प्रोटेक्ट’ केल्याने चुकून होणारे बदल टळतात, पण वाचणे किंवा प्रत काढणे त्यामुळे थांबत नाही. गूगलच्या मदतपानावरही संरक्षित भागाला सुरक्षेचा उपाय मानू नये असेच सांगितलेले आहे. जी माहिती एखाद्याने पाहू नये असे आपल्याला वाटते, ती त्याला दिलेल्या फाइलमध्ये असताच कामा नये. ती दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावी. ते कसे, ते पुढे येते.

`Anyone with the link` निवडल्यावर नेमके काय होते?

प्रत्येक फाइलच्या `Share` खिडकीत दोन भाग असतात. वरच्या भागात नावानिशी, म्हणजे ईमेल पत्त्यानिशी, प्रवेश दिलेली माणसे असतात आणि प्रत्येकापुढे त्याची भूमिका असते. खालच्या `General access` या भागात, यादीत नाव नसलेल्यांचे काय करायचे ते ठरते. तिथे `Restricted` असेल तर यादीबाहेरच्या माणसाला लिंक मिळूनही उपयोग होत नाही. `Anyone with the link` असेल तर लिंक हाती असणे हीच ओळख ठरते. त्याला गूगल खात्यात लॉग-इन करावे लागत नाही, तो कोण हे ड्राइव्ह विचारत नाही, आणि शेजारी निवडलेली भूमिका, मग ती व्ह्यूअरची असो वा एडिटरची, त्याला आपोआप मिळते.

म्हणून भूमिका आणि प्रवेश हे दोन प्रश्न वेगळे ठेवून विचार करावा. माणसाने काय करायचे हे भूमिका ठरवते, आणि ती माणसे कोण हे `General access` ठरवते. आमच्या शीटमध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीही’ असे होते आणि पहिल्याचे ‘एडिटर’.

पण मग ती निवड कोणी केली, आणि का?

समितीनेच केली. तिचा दोष एकट्या कोणावर ढकलणे योग्य होणार नाही, कारण बहुतेक ठिकाणी हे असेच घडते. सचिवांनी शनिवारी रात्री शीटची लिंक व्हॉट्सॲप गटात टाकली आणि सभासदांनी आपापला वाहन क्रमांक भरावा असे लिहिले. फाइल `Restricted` होती, त्यामुळे लिंक दाबणाऱ्या प्रत्येकाला `Request access` हे बटण दिसले, प्रत्येकाने ते दाबले आणि अकरा वाजेपर्यंत सचिवांच्या इनबॉक्समध्ये तीसेक विनंत्या आल्या. त्यातल्या निम्म्या पत्त्यांवरून माणूस ओळखता येत नव्हता. शेवटी त्यांनी कंटाळून `Anyone with the link` निवडले, आणि लोकांना लिहायचे आहे म्हणून पुढे `Editor` केले. कोणी निष्काळजीपणाने नव्हे, तर कटकट मिटवण्यासाठी ही निवड करतो, आणि म्हणूनच ती पुन्हा कधी बदलली जात नाही.

त्या रविवारी नेमके काय बिघडले?

तीन गोष्टी एकापाठोपाठ एक झाल्या, आणि त्यांतली एकही कोणी मुद्दाम केली नव्हती.

सकाळी क विंगेतल्या एका सभासदाने आपली विंग सापडावी म्हणून शीटला फिल्टर लावला. शीटचा साधा फिल्टर लावणाऱ्यापुरता नसतो, तो सर्वांच्याच पडद्यावर लागतो. त्यामुळे बाकीच्यांना फक्त क विंगेच्या २८ ओळी दिसू लागल्या. व्ह्यूअरला स्वतःपुरता तात्पुरता फिल्टर वापरता येतो आणि त्याचा इतरांना त्रास होत नाही. म्हणजे हा सभासद केवळ व्ह्यूअर असता तर त्याचेही काम झाले असते आणि आमचेही बिघडले नसते.

नावे पुसली गेली असे वाटून अ आणि ब विंगेतल्या काहींनी तळाशी आपापल्या सदनिकेच्या ओळी नव्याने लिहायला घेतल्या. नंतर कोणीतरी फिल्टर काढला, आणि काही सदनिका दोनदा दिसू लागल्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महाग पडली. दुपारी कोणीतरी थकबाकीचा फक्त एकच रकाना निवडून तो चढत्या क्रमाने लावला. संपूर्ण शीट क्रमाने लावली असती तर प्रत्येक रक्कम आपल्या सदनिकेबरोबर हलली असती, पण निवडलेला पट्टाच क्रमाने लावल्यामुळे रकमा हलल्या आणि नावे जागच्या जागी राहिली. खजिनदारांनी संध्याकाळी एकूण थकबाकी ताडून पाहिली, ती पैशापर्यंत जुळली, आणि सारे ठीक आहे असे त्यांनी कळवले. क्रम बदलल्याने बेरीज बदलत नाही, एवढेच त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. अ-३०२ च्या सभासदाने एक रुपयाही बाकी नसताना आपल्या नावापुढे १४,५०० कसे, असे विचारले तेव्हा बिंग फुटले. नंतर पाहता खूण ढळढळीत होती: वरपासून खालपर्यंत रकमा शून्याकडून मोठ्या आकड्याकडे चढत गेल्या होत्या, आणि खऱ्या थकबाकीचा रकाना असा कधीच दिसत नाही.

हे कोणी केले, ते शोधता येत नाही का?

नावानिशी बोलावलेला माणूस असेल तर येते. शीटमधल्या चौकटीवर राइट-क्लिक करून `Show edit history` निवडले तर त्या चौकटीत कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते, आणि `File` मधील `Version history` संपूर्ण फाइलचा इतिहास दाखवते. पण केवळ लिंकने आलेल्या माणसांची ओळख ड्राइव्ह देत नाही. फाइल उघडी असताना वरच्या कोपऱ्यात त्यांच्या जागी निनावी प्राण्यांची चित्रे दिसतात, आणि इतिहासात निनावी वापरकर्त्यांचा एकच गठ्ठा होतो. आमच्या बाबतीत दुपारच्या बदलापुढे नाव नव्हते. गटात त्यावरून तीन दिवस एकमेकांवर संशय घेतला गेला, आणि माझ्या मते झालेल्या नुकसानीत हा भाग रकमांच्या गोंधळापेक्षा मोठा होता.

ज्यांनी फाइल फक्त पाहिली, प्रत काढली आणि काही बदलले नाही, त्यांची तर अशी खूणही राहत नाही.

मग फाइल पूर्ववत कशी केली? सरळ जुनी आवृत्ती का आणली नाही?

जुनी आवृत्ती परत आणण्याचे बटण संपूर्ण फाइल त्या क्षणाला नेऊन ठेवते. रविवारी दिवसभरात १९ सभासदांनी आपले वाहन क्रमांक अगदी बरोबर भरले होते. सकाळची आवृत्ती आणली असती तर ते सर्व गेले असते आणि त्या १९ जणांना पुन्हा विनवावे लागले असते.

म्हणून पुढीलप्रमाणे केले. आधी `General access` बदलून `Restricted` केले, म्हणजे दुरुस्ती चालू असताना नवे बदल होणार नाहीत. मग `Version history` उघडून शनिवारच्या रात्रीची आवृत्ती शोधली, तिच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून तिची स्वतंत्र प्रत काढली आणि मूळ फाइल आहे तशीच ठेवली. तळाशी नव्याने लिहिलेल्या जादा ओळींतले वाहन क्रमांक वरच्या मूळ ओळींत नेऊन त्या ओळी काढल्या. आता दोन्ही फाइलींत सदनिका क्रमांक त्याच क्रमाने आहेत ना, हे ओळीओळीने ताडले, कारण इथे एक ओळ जरी सरकली असती तरी पुन्हा तोच गोंधळ झाला असता. त्यानंतरच प्रतीतला थकबाकीचा रकाना उचलून मूळ फाइलमध्ये फक्त किमती म्हणून चिकटवला. सर्व मिळून पाऊण तास लागला. अशा वेळी घाईने जुनी आवृत्ती आणणे म्हणजे पाणी गळते म्हणून नळासकट भिंत काढण्यासारखे आहे.

लिंकमधले `edit` खोडून `view` लिहिले तर लोकांना फक्त पाहता येईल ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. लिंक साधारण अशी दिसते:

```
https://docs.google.com/spreadsheets/d/FILE_ID/edit?usp=sharing
```

मधला `FILE_ID` ही त्या फाइलची ओळख असते. कोणाला काय करता येईल हे लिंकमध्ये लिहिलेले नसते, ते `Share` च्या खिडकीत ठरलेले असते. शेवटचा शब्द बदलून फाइल उघडण्याची पद्धत बदलू शकते, अधिकार बदलत नाहीत.

याच कारणामुळे एका फाइलच्या दोन लिंका, एक समितीला लिहिण्यासाठी आणि दुसरी सभासदांना पाहण्यासाठी, अशा करता येत नाहीत. `General access` एका फाइलला एकच असते. समितीला नावानिशी एडिटर करावे आणि लिंकवाल्यांना व्ह्यूअर ठेवावे, इतके मात्र करता येते.

आमची लिंक फक्त सोसायटीच्या गटात आहे. ती बाहेर जाईलच कशी?

लिंक कोणी अंदाजाने ओळखेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही, ती अक्षरमाला त्यासाठी फार लांब असते. लिंक पुढे पाठवली जाते, हा खरा मार्ग आहे. सभासद ती भाडेकरूला देतो, भाडेकरू गाडी लावणाऱ्या भावाला देतो, सदनिका विकून गेलेला माणूस गट सोडतो पण त्याच्या मोबाइलमधला जुना संदेश तसाच राहतो. यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

लिंक एखाद्या सार्वजनिक पानावर पडली तर ती शोधयंत्रांनाही सापडू शकते. जुलै २०१८ मध्ये यांडेक्स या रशियन शोधयंत्राच्या निकालांत गूगल डॉक्सवरच्या कित्येक फाइली दिसू लागल्या होत्या आणि त्यांत लोकांनी लिहून ठेवलेले पासवर्डही होते. त्या फाइली चोरल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या मालकांनी त्या उघड्या ठेवल्या होत्या.

एकाच फाइलची लिंक दिली होती, तरी इतर कागद कसे दिसले?

बहुधा लिंक फाइलची नसून फोल्डरची दिली गेली असावी. फोल्डरला दिलेला प्रवेश त्यातल्या प्रत्येक फाइलला लागू होतो, पुढे त्यात टाकल्या जाणाऱ्या फाइलींनाही. आमच्याकडे वार्षिक सभेचे इतिवृत्त ज्या फोल्डरमध्ये होते, त्याच फोल्डरमध्ये भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीसाठी घेतलेल्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. सुदैवाने हे आम्हाला आधी दिसले. सभासदांसाठीचा फोल्डर आणि समितीचा फोल्डर अगदी वेगळे ठेवावेत, एकाच्या पोटात दुसरा ठेवू नये.

मग वाहन क्रमांक गोळा करायचे कसे, आणि थकबाकी दाखवायची कशी?

गोळा करण्यासाठी गूगल फॉर्म वापरावा. फॉर्म भरणारा आपल्यापुरते उत्तर देतो, त्याला शीट दिसत नाही आणि इतरांच्या ओळीला त्याचा हात लागत नाही. फॉर्मच्या सेटिंगमधली उत्तरांचा सारांश दाखवण्याची सोय मात्र बंद असल्याची खात्री करावी.

दाखवण्यासाठी दुसरी, छोटी शीट तयार करावी. मूळ शीटमध्ये सदनिका क्रमांक आणि थकबाकी हे दोन रकाने शेजारी शेजारी, अ आणि ब या जागी नव्हे तर शीटच्या भाषेत A आणि B येथे, घ्यावेत आणि छोट्या शीटच्या पहिल्या चौकटीत हे सूत्र लिहावे:

```
=IMPORTRANGE("https://docs.google.com/spreadsheets/d/FILE_ID/edit", "Sheet1!A1:B85")
```

एक ओळ शीर्षकाची आणि ८४ सदनिकांच्या, म्हणून ८५. टॅबचे नाव वेगळे असल्यास `Sheet1` च्या जागी ते लिहावे. पहिल्यांदा `#REF!` दिसेल, त्या चौकटीवर जाऊन `Allow access` दाबावे. त्यानंतर मूळ शीटमध्ये खजिनदारांनी रक्कम बदलली की छोट्या शीटमध्ये ती थोड्या वेळात आपोआप बदलते. मोबाइल क्रमांक या शीटमध्ये लपवलेले नसून मुळात आलेलेच नसतात.

दोन पथ्ये पाळावी लागतात. छोट्या शीटमध्ये सभासद व्ह्यूअरच असावेत, कारण एकदा ही जोडणी झाली की तिथला कोणताही एडिटर सूत्रातला पट्टा बदलून मूळ शीटचे बाकीचे रकानेही ओढून घेऊ शकतो. आणि सूत्रात मूळ शीटचा पत्ता लिहिलेला असतो, म्हणून मूळ शीट `Restricted` असलीच पाहिजे.

८४ जणांना नावानिशी प्रवेश देणे व्यवहार्य आहे का?

आहे. एका फाइलवर ६०० पर्यंत वैयक्तिक ईमेल पत्त्यांना प्रवेश देता येतो. त्याहून सोयीचे म्हणजे सभासदांचा एक गूगल ग्रुप करावा आणि त्या ग्रुपच्या एकाच पत्त्याला व्ह्यूअर करावे; सदनिका विकली गेली की माणसाला ग्रुपमधून काढावे, सर्व फाइलींवरचा त्याचा प्रवेश तिथेच संपतो. ईमेल पत्ते गोळा करायला आम्हाला दोन आठवडे लागले. ते एकदाच करावे लागते.

फाइल खरोखर बंद झाली, हे कसे ओळखावे?

ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडावी, त्यात कोणत्याही खात्यात लॉग-इन न करता लिंक चिकटवावी. मजकूर दिसला तर फाइल जगाला उघडी आहे, लॉग-इन मागितले तर नाही. आपल्या नेहमीच्या खिडकीत तपासण्यात अर्थ नाही, मालकाला आपली फाइल नेहमीच दिसते. फाइल कधी `Publish to web` ने प्रसिद्ध केली असल्यास ते वेगळे थांबवावे लागते, `Restricted` करून ती प्रसिद्ध प्रत बंद होत नाही.

काही महिन्यांनी तीच फाइल पुन्हा लिंकने उघडली तर?

जुनी लिंक पुन्हा जिवंत होते. `Restricted` केल्याने लिंक नष्ट होत नाही, फक्त निरुपयोगी होते, आणि `FILE_ID` तोच राहत असल्यामुळे त्या रविवारी गटात पडलेला, पुढे कोणाकोणाकडे गेलेला संदेश पुन्हा चालू लागतो. जुन्या लिंकपासून कायमची सुटका हवी असेल तर `Make a copy` ने नवी फाइल करावी, तिला नवी ओळख मिळते, आणि जुनी फाइल `Restricted` करून फक्त खजिनदारांच्या ताब्यात ठेवावी. जुन्या आवृत्त्यांचा इतिहास नव्या प्रतीत येत नाही, तो हवा असल्यास जुनी फाइल पुसू नये.